१ टक्का टॉलरन्सच्या दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर: आउटपुट जास्तीत जास्त किती सरकू शकते?

किरणोत्सुक

१२ व्होल्टच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या एकसर जोडलेल्या आहेत आणि त्यांचे एकूण व्होल्टेज मायक्रोकंट्रोलरच्या एडीसीने मोजायचे आहे. त्यासाठी वर ९०.९ किलोओहम आणि खाली १० किलोओहम असा डिव्हायडर घेतला आहे. दोन्ही रेझिस्टर १ टक्का टॉलरन्सचे आहेत. २४ व्होल्ट दिले असता हिशोबाप्रमाणे २.३७८६ व्होल्ट मिळायला हवेत.

माझा प्रश्न असा, की दोन्ही रेझिस्टर आपापल्या मर्यादेत राहूनही आउटपुट सर्वांत वाईट परिस्थितीत किती सरकू शकेल? एका मित्राचे म्हणणे, दोन्ही १ टक्क्याचे आहेत म्हणून आउटपुटही १ टक्क्यात राहील. दुसऱ्याच्या मते सारखा टॉलरन्स एकमेकांना छेदून जातो, तेव्हा चूक जवळजवळ उरतच नाही. दोघांचेही मला पटलेले नाही.

नेमका आकडा हवा आहे, कारण विश्रांतीत असलेली ही जोडी पूर्ण भरलेली असताना साधारण २५.४ व्होल्ट दाखवते आणि रिकामी होत आली की २४ च्या आसपास येते. म्हणजे सगळा खेळ १.४ व्होल्टचा आहे. बोर्ड दोनशेच्या आसपास बनणार आहेत, त्यामुळे सरासरी चूक कळून उपयोग नाही.

---

साधा_हिशोब

यात अवघड काही नाही. भागाकारात टक्केवारीच्या चुकांची बेरीज होते हे शाळेच्या प्रयोगवहीत सगळ्यांनीच लिहिले आहे. १ अधिक १ म्हणजे २ टक्के. २४ व्होल्टवर ०.४८ व्होल्ट इकडे किंवा तिकडे. कोणताही डिव्हायडर असो, रेझिस्टरांच्या टॉलरन्सची बेरीज करावी आणि पुढच्या कामाला लागावे.

---

शांतप्रवाह

व्होल्टेज अपेक्षेपेक्षा कमी येत असेल तर तो एडीसीच्या इनपुटचा भार आहे, टॉलरन्सचा दोष नव्हे. डिव्हायडरनंतर ऑप-ॲम्पचा बफर लावा, प्रश्न सुटेल. मी नेहमी लावतो.

---

किरणोत्सुक

@शांतप्रवाह, व्होल्टेज कमी येते अशी माझी तक्रार नाही. बोर्ड अजून बनलेलेच नाहीत. रेझिस्टरांच्या टॉलरन्समुळे एका बोर्डापासून दुसऱ्या बोर्डापर्यंत किती फरक पडू शकेल, एवढेच विचारतो आहे.

---

ओहमकार

धागाकर्त्याच्या दोन्ही मित्रांना आणि @साधा_हिशोब यांना प्रत्येकी एकेका विशिष्ट परिस्थितीत बरोबर उत्तर मिळाले आहे, पण ती परिस्थिती या सर्किटची नाही.

प्रयोगवहीतला नियम अंश आणि छेद एकमेकांपासून स्वतंत्र असतील तेव्हा लागू पडतो. डिव्हायडरच्या सूत्रात खालचा रेझिस्टर अंशातही आहे आणि छेदातही आहे. तो वाढला की दोन्ही वाढतात आणि परिणामाचा काही भाग तिथल्या तिथे मिटतो. सूत्र थोडे उलटे मांडले तर हे डोळ्यांना दिसते:

`Vout = Vin / (1 + R1/R2)`

आता `R1/R2` या गुणोत्तरात खरोखरच दोन्ही टॉलरन्सची बेरीज होते. वरचा १ टक्का कमी आणि खालचा १ टक्का जास्त असेल तर गुणोत्तर सुमारे २ टक्क्यांनी घसरते. पण छेदात त्याच्या शेजारी जो १ बसला आहे, त्याला टॉलरन्स नाही. तुमच्या डिव्हायडरमध्ये गुणोत्तर ९.०९ आहे आणि पूर्ण छेद १०.०९ आहे. म्हणजे छेदाचा सुमारे ९० टक्के भागच हलतो आणि २ टक्क्यांपैकी तेवढाच वाटा, म्हणजे १.८ टक्के, आउटपुटपर्यंत पोहोचतो.

आउटपुट हे इनपुटचा जितका अंश आहे त्याला `k` म्हणू. मग दोन्ही रेझिस्टरांचा टॉलरन्स `t` असताना आउटपुटची टक्केवारीतली कमाल चूक अशी येते:

`2·t·(1 − k)`

तुमच्याकडे `k` सुमारे ०.०९९ आहे, म्हणून १.८ टक्के. दोन्ही रेझिस्टर सारखेच असतील तर `k` ०.५ होतो आणि चूक बरोबर १ टक्का येते. पहिल्या मित्राच्या डोक्यात बहुधा हाच डिव्हायडर असावा. इनपुटच्या ९० टक्के आउटपुट घेतले तर चूक फक्त ०.२ टक्के राहते, आणि तिथे दुसरा मित्र जवळजवळ बरोबर ठरतो. @साधा_हिशोब यांचे २ टक्के ही मोठ्या विभागणीची टोकाची मर्यादा आहे. या सूत्राप्रमाणे तिच्या जवळ जाता येते, पण तिथे पोहोचता येत नाही.

---

साधा_हिशोब

म्हणजे माझा आकडा धरला तर चूक सुरक्षित बाजूला होते. १.८ ऐवजी २ धरले म्हणून कोणाचा बोर्ड जळणार नाही.

---

ओहमकार

१० भागांपैकी १ भाग घेणाऱ्या डिव्हायडरमध्ये नाही जळणार. पण निम्मा भाग घेणाऱ्या डिव्हायडरला तुम्ही दुप्पट चूक लावाल आणि गरज नसताना ०.५ टक्क्याचे रेझिस्टर मागवाल.

शिवाय माझ्या सूत्राचा आकडाही दर वेळी सुरक्षित बाजूलाच पडेल असे नाही. सूत्रातला आकडा दोन्ही बाजूंना सारखा आहे, खरा फैलाव तसा नसतो. १ टक्क्याला फरक नगण्य आहे. हेच दोन रेझिस्टर १० टक्क्यांचे असते तर सूत्र दोन्हीकडे १८ टक्के सांगते, पण प्रत्यक्ष टोके वरच्या बाजूला १९.६ टक्के आणि खालच्या बाजूला १६.७ टक्के येतात. टॉलरन्स ५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सूत्रावर न थांबता टोकाच्या किमती घालूनच पाहावे.

---

तारेवरची

टोके हाताने काढायचा कंटाळा असेल तर एवढे पुरे:

```python
vin, r1, r2, t = 24.0, 90.9e3, 10.0e3, 0.01
for s1 in (-1, 1):
    for s2 in (-1, 1):
        a, b = r1*(1 + s1*t), r2*(1 + s2*t)
        print(s1, s2, round(vin*b/(a + b), 4))
```

चार ओळी छापल्या जातात. दोन्ही रेझिस्टर एकाच दिशेने सरकले तर २.३७८६, म्हणजे काहीच फरक नाही. वरचा कमी आणि खालचा जास्त असेल तर २.४२१८. याच्या उलट असेल तर २.३३६१. मूळ किमतीच्या मानाने हे १.८२ टक्के वर आणि १.७९ टक्के खाली आहे, म्हणजे ओहमकार यांच्या १.८० च्या दोन्ही बाजूंना.

चारच कोपरे का तपासायचे, असे कोणी विचारेल म्हणून लिहिते. खालचा रेझिस्टर वाढवत नेला की आउटपुट सतत वाढतच जाते आणि वरचा वाढवत नेला की सतत घटतच जाते. मध्येच कुठे वळण नाही. त्यामुळे सर्वांत वाईट परिस्थिती कोपऱ्यातच सापडते. वळण असलेल्या सर्किटला, उदाहरणार्थ अनुनाद असलेल्या फिल्टरला, हा न्याय लावू नये.

---

किरणोत्सुक

आभारी आहे. फर्मवेअरच्या बाजूने पाहिले तर खरे २४.०० व्होल्ट असताना एक बोर्ड २४.४४ दाखवेल आणि दुसरा २३.५७. म्हणजे १.४ व्होल्टच्या माझ्या पट्ट्यात ०.८७ व्होल्टचा फैलाव एकट्या डिव्हायडरचा आहे. हे मला चालणार नाही.

मग असे केले तर? वरचा रेझिस्टर मोठा आहे, ९०.९ किलोओहमचा. त्याचा १ टक्का म्हणजे ९०९ ओहम, तर खालच्याचा १ टक्का म्हणजे केवळ १०० ओहम. तेव्हा फक्त वरचा ०.१ टक्क्याचा घ्यावा आणि खालचा आहे तसा ठेवावा.

---

ओहमकार

ओहममध्ये मोजल्यामुळे तसे वाटते. आउटपुटला ओहमशी देणेघेणे नाही, ते गुणोत्तरावर चालते, आणि गुणोत्तर वरचा १ टक्का घटल्याने जितके बदलते तितकेच खालचा १ टक्का वाढल्यानेही बदलते. म्हणून दोन्ही रेझिस्टरांचा आउटपुटवरचा परिणाम टक्केवारीत सारखाच असतो, मग एक दुसऱ्याच्या नऊपट का असेना. वेगवेगळे टॉलरन्स असतील तर सूत्र असे होते:

`(t1 + t2)·(1 − k)`

वरचा ०.१ टक्क्याचा आणि खालचा १ टक्क्याचा घेतला तर १.१ गुणिले ०.९, म्हणजे ०.९९ टक्के. खालचा अचूक घेऊन वरचा साधा ठेवला तरी तेच. दोन्ही ०.१ टक्क्याचे घेतले तर ०.१८ टक्के, म्हणजे २४ व्होल्टवर ४३ मिलिव्होल्ट. एकच बदलला तर चूक जेमतेम निम्म्यावर येते, दोन्ही बदलले तर दहाव्या भागावर येते. त्यामुळे अर्धेमुर्धे पाऊल इथे परवडत नाही.

असाच आणखी एक गैरसमज नेहमी दिसतो. वरच्या एका रेझिस्टरऐवजी तीन रेझिस्टर एकसर लावले की टॉलरन्स सुधारतो, असे काहींना वाटते. सर्वांत वाईट परिस्थितीत तिन्ही एकाच बाजूला सरकलेले धरावे लागतात आणि १ टक्का हा १ टक्काच राहतो. जास्त व्होल्टेज वाटून घेण्यासाठी तीन लावत असाल तर अवश्य लावा, ते कारण वेगळे आहे.

---

निशिगंध

धाग्याच्या विषयाशी निगडित माझा एक अनुभव मांडते, कारण वर वाचताना त्याचा उलगडा झाल्यासारखे वाटते. आमच्या एका बोर्डावर एकाच जातीचे दोन स्विचिंग रेग्युलेटर आहेत आणि दोघांचाही अंतर्गत रेफरन्स ०.८ व्होल्टचा आहे. एक ५ व्होल्ट देतो, दुसरा १ व्होल्ट. फीडबॅकचे सर्व रेझिस्टर १ टक्क्याचे, एकाच मालिकेतले. तरीही तपासणीत ५ व्होल्टच्या आउटपुटमध्ये बोर्डागणिक ठळक फरक दिसायचा आणि १ व्होल्टचे आउटपुट मात्र जागचे हलत नसे. आम्ही ५ व्होल्टच्या बाजूचा कॉइल, कपॅसिटर आणि तारांची आखणी तपासत बसलो होतो.

तिथे तर डिव्हायडर उलटा वापरलेला असतो. आउटपुट वर आणि ठरलेला रेफरन्स खाली. तरीही हेच सूत्र चालेल का?

---

ओहमकार

चालेल. रेग्युलेटरमध्ये `Vout = Vref·(1 + R1/R2)` असते, म्हणजे तोच कंस छेदाऐवजी वर आला. टक्केवारीतली चूक तेवढीच, फक्त दिशा उलटी. तिथे `k` म्हणजे रेफरन्स भागिले आउटपुट.

५ व्होल्टला `k` ०.१६ आहे, म्हणून २ टक्के गुणिले ०.८४, म्हणजे १.६८ टक्के किंवा ८४ मिलिव्होल्ट. १ व्होल्टला `k` ०.८ आहे, म्हणून ०.४ टक्के किंवा अवघे ४ मिलिव्होल्ट. रेझिस्टर तेच, टॉलरन्स तोच, तरी टक्केवारीतसुद्धा चौपटीहून जास्त फरक. आउटपुट रेफरन्सच्या जितके जवळ, तितका रेझिस्टरांचा टॉलरन्स कमी बाधतो. रेफरन्सची स्वतःची चूक मात्र दोन्ही आउटपुटमध्ये टक्केवारीने जशीच्या तशी उतरते, तिला `(1 − k)` ची सवलत नाही.

यावरून @किरणोत्सुक यांना एक विचारायचे राहिले. तुमच्या एडीसीचा रेफरन्स कोणता आहे? ३.३ व्होल्टचा पुरवठाच रेफरन्स म्हणून वापरत असाल आणि तो देणारा रेग्युलेटर २ टक्क्यांचा असेल, तर डिव्हायडर कितीही अचूक घेतला तरी ते २ टक्के वाचनात पूर्णपणे येतील.

---

किरणोत्सुक

पुरवठाच आहे. तो विचार केला नव्हता. स्वतंत्र रेफरन्स लावण्यासाठी जागा पाहतो.

---

संभाव्य

सर्वांत वाईट परिस्थिती धरून डिझाइन करणे म्हणजे दोन्ही रेझिस्टर नेमके विरुद्ध टोकाला सापडतील असे गृहीत धरणे. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. चुकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे हा रूढ मार्ग आहे. त्याप्रमाणे २ ऐवजी १.४१४ धरले की चूक १.२७ टक्के येते. दोनशे बोर्डांसाठी एवढे पुरेसे आहे.

---

तारेवरची

पुरेसे आहे की नाही हे रेझिस्टरांच्या किमती मर्यादेच्या आत कशा विखुरल्या आहेत यावर ठरते, आणि ते डेटाशीट सांगत नाही. बहुतेक किमती मधल्या आकड्याभोवती दाटलेल्या असतील तर तुमचे १.२७ ठीक आहे. पण त्या मर्यादेत सगळीकडे सारख्या पसरलेल्या आहेत असे धरून पाहा. मग गणिताने सुमारे ८.६ टक्के बोर्ड १.२७ च्या बाहेर पडतात. दोनशेमध्ये सतराच्या आसपास. १.८२ च्या बाहेर मात्र एकही पडणार नाही. एकच मोठा बोर्ड असेल आणि चूक जीवघेणी नसेल तर संभाव्यता जरूर वापरावी, पण दोनच घटक असताना वर्गमूळ फारशी सवलत देत नाही आणि धोका मात्र बराच घेते.

---

संभाव्य

सारखा पसरलेला फैलाव हे गृहीतकही तुमचेच आहे. एका रीळातले रेझिस्टर मोजून पाहिले तर ते बहुधा एकमेकांच्या फार जवळ असतात.

---

ओहमकार

एकमेकांच्या जवळ असतात, पण मधल्या आकड्याच्या जवळ असतीलच असे नाही. अख्खे रीळ ०.६ टक्क्याने वर असू शकते आणि तरी ते १ टक्का टॉलरन्सचेच असते. या डिव्हायडरमध्ये वरचा आणि खालचा वेगवेगळ्या किमतींचे आहेत, म्हणजे दोन वेगळी रिळे. एक वर आणि दुसरे खाली सरकलेले निघाले तर दोनशेच्या दोनशे बोर्डांना जवळपास सारखी चूक लागेल. त्या वेळी वर्गमुळाच्या हिशोबाला काही अर्थ उरत नाही, कारण तो प्रत्येक बोर्डावरचे सरकणे स्वतंत्र मानतो.

उलट, डिव्हायडर समान किमतीच्या रेझिस्टरांतून बांधला आणि सगळे एकाच रिळातून आले, तर सामाईक सरकणे छेदून जाते. उदाहरणार्थ १० किलोओहमचे नऊ वर आणि एक खाली. जागा असेल तर हा उपाय वाईट नाही. फक्त पुढच्या खेपेला कोणी अर्धी संख्या दुसऱ्या रिळातून लावणार नाही याची खात्री कागदावरच्या टॉलरन्सने मिळत नाही.

---

शांतप्रवाह

मग एवढा काथ्याकूट कशाला? प्रत्येक बोर्डाला माहीत असलेले २४ व्होल्ट द्या, वाचन पाहा आणि दुरुस्तीचा गुणक फर्मवेअरमध्ये साठवा. १ टक्क्याचे रेझिस्टर तसेच राहू द्या.

---

ओहमकार

हा मार्ग चांगला आहे, कारण डिव्हायडरची चूक केवळ गुणकाची असते आणि एका बिंदूवर मोजून ती काढता येते. रेफरन्सची चूकही त्याच गुणकात निघून जाते. पण दोन गोष्टी पाहाव्या लागतील.

एक, मोजायचे ते एडीसीच्या वाचनातून मोजावे, डिव्हायडरच्या मधल्या बिंदूला मल्टिमीटर लावून नव्हे. तुमच्या डिव्हायडरचा त्या बिंदूतून दिसणारा रोध ९ किलोओहम आहे आणि मल्टिमीटरचा सहसा १० मेगाओहम. मीटर टेकवल्याबरोबर व्होल्टेज ०.०९ टक्क्याने, म्हणजे सुमारे २ मिलिव्होल्टने खाली येते. १ टक्क्याच्या हिशोबात ते दिसत नाही, ०.१ टक्क्याच्या हिशोबात नक्की दिसते.

दुसरी गोष्ट तापमानाची. टॉलरन्स हा २५ अंशांवरचा, नव्या रेझिस्टरचा आकडा असतो. सर्वसाधारण १ टक्क्याच्या थिक फिल्म रेझिस्टरची किंमत दर अंशाला १०० पीपीएमपर्यंत कोणत्याही दिशेने सरकू शकते. पेटीतले तापमान ४० अंशांनी वाढले तर प्रत्येकी ०.४ टक्के. दोन विरुद्ध दिशांना गेले तर तेच सूत्र पुन्हा: ०.८ गुणिले ०.९, म्हणजे ०.७२ टक्के, २४ व्होल्टवर ०.१७ व्होल्ट. हे खोलीच्या तापमानाला साठवलेल्या गुणकाने जात नाही. ०.१ टक्क्याच्या थिन फिल्म रेझिस्टरांत हा आकडा बहुधा २५ पीपीएम असतो, म्हणजे त्याचा चौथा हिस्सा. अचूक रेझिस्टर घेण्याचा अर्धा फायदा मला तरी इथेच वाटतो.

---

संभाव्य

दोन्ही रेझिस्टर एकाच जातीचे आणि शेजारी शेजारी असतील तर ते तापमानाने विरुद्ध दिशांना जातील हे धरणे अतिरेकी आहे.

---

तारेवरची

शेजारी असल्याने दोघांचे तापमान सारखे राहते, गुणांक सारखा होत नाही. ९०.९ आणि १० किलोओहमसाठी वापरलेली पेस्ट वेगळी असू शकते. दोन्ही रेझिस्टर एकाच पट्टीवर असलेले नेटवर्क घेतले, तर डेटाशीटमध्ये गुणोत्तराचा टॉलरन्स आणि एकमेकांच्या मागे चालण्याचा तापमान गुणांक असे दोन आकडे वेगळे दिलेले असतात. ते छापील नसतील तर मी विरुद्ध दिशाच धरते.

---

किरणोत्सुक

सध्या असे ठरवतो आहे: दोन्ही रेझिस्टर ०.१ टक्के आणि २५ पीपीएमचे, एडीसीला स्वतंत्र रेफरन्स, आणि बोर्डागणिक गुणक नाही. डिव्हायडरचे ०.१८ आणि तापमानाचे ०.१८ मिळून ०.३६ टक्के, म्हणजे २४ व्होल्टवर सुमारे ८६ मिलिव्होल्ट होतात. त्यावर रेफरन्सची चूक येईल ती वेगळी. १.४ व्होल्टच्या पट्ट्यात हे मला चालेल.

---

शांतप्रवाह

दोनशे बोर्डांची तपासणी तशीही होणारच आहे. त्यात एक गुणक साठवायला काही सेकंद जातात. मी १ टक्क्याचे रेझिस्टर आणि गुणक हेच निवडले असते.

---

निशिगंध

आणि बोर्ड दुरुस्तीला आला, त्यात कोणी रेझिस्टर बदलला आणि जुना गुणक तसाच राहिला तर? आमच्याकडे गुणक न ठेवण्याचे हेच कारण दिले जाते. तुमच्या पद्धतीत त्यावर काय तोड आहे, हे वाचायला आवडेल.